मुलाखतीनंतरचा मेल आणि एक चुकलेला शब्द

हे प्रकरण आमच्या शेजारच्या घरातलं आहे. मुलगी मिरजेची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, मिरज एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये तीन वर्षं क्वालिटी विभागात काम करणारी. मुलाखत होती कुपवाड एमआयडीसीतल्या एका मोठ्या कारखान्यात, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी. मी स्वतः कुपवाडलाच १८ वर्षं एचआरमध्ये काढली, त्यामुळे कॉलनीतल्या पोरांचे रिझ्युमे आणि मेल माझ्या टेबलावरून जातात. तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा काढून हे लिहितो आहे.

मुलाखत गुरुवारी दुपारी तीनला झाली. समोर तिघं होते: एचआरच्या मॅडम, प्लँट हेड आणि क्वालिटी हेड. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग क्वालिटी हेडनी रिझ्युमेतल्या एका ओळीवर पेन ठेवलं. ओळ अशी होती: "बोअर रिजेक्शन कमी करण्याच्या प्रकल्पात सहभाग." त्यांनी विचारलं, किती कमी झालं? ती म्हणाली, बरंच कमी झालंय सर, जुलैचा आकडा अजून यायचाय. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "उन्हाळा संपला म्हणून कमी झालं नसेल कशावरून?" यावर तिला नीट उत्तर देता आलं नाही. मॅडमनी शेवटी सांगितलं की पुढच्या बुधवारपर्यंत कळवू.

हा प्रश्न का आला हे समजल्याशिवाय पुढचा मेल समजणार नाही, म्हणून जरा शॉपमध्ये डोकावू. ओतीव लोखंडाचा एक ब्रॅकेट, त्याला ४० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतून कापलेलं गोल भोक, आणि ड्रॉइंगवर सूट एच-७ ची. म्हणजे बोअर ४०.००० पासून ४०.०२५ पर्यंत चालतो. मोकळीक फक्त २५ मायक्रॉन. मशीनमधून नुकताच निघालेला जॉब गरम असतो, आणि गरम जॉबचा बोअर मोठा दिसतो. ओतीव लोखंड मीटरमागे, दर अंशाला साधारण १० ते ११ मायक्रॉन वाढतं. गेज ज्या अचूक मापाच्या कड्यावर लावून घेतात ती मास्टर रिंग. जॉब तिच्यापेक्षा १५ अंश जास्त गरम असला, तर ४० मिलिमीटरच्या बोअरमध्ये सहा मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे मोकळिकीचा जवळजवळ चौथा हिस्सा. ऑपरेटरला वाटतं बोअर वर चाललाय, तो मशीनचा ऑफसेट खाली घेतो, म्हणजे बोअर लहान कापायला लावतो. जॉब गार झाला की बोअर आवळतो, आणि गेज आत जात नाही.

तिच्या गटाने एप्रिलमध्ये यावर दोन गोष्टी केल्या. मोजायचे नमुने आधी रॅकवर गार करायचे आणि मास्टर रिंगही त्याच रॅकवर ठेवायची. दुसरं म्हणजे, गार जॉब मोजल्याशिवाय कुणी ऑफसेटला हात लावायचा नाही. एवढंच. एक पैशाचं नवीन यंत्र नाही.

आता क्वालिटी हेडच्या प्रश्नाचं टोक दिसेल. कारण उष्णतेचं असेल, तर जूनमध्ये पाऊस लागल्यावर शॉप गार पडतं आणि आकडा आपोआपच खाली येऊ शकतो. अनुभवी माणसाचा प्रश्न होता तो, अडवायला विचारलेला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी तिच्या सध्याच्या कारखान्यात महिनाअखेरचा हिशेब लागला. सलग तीन महिने आकडा ठरवलेल्या दीड टक्क्याच्या आत राहिला, आणि तिच्या साहेबांनी प्रकल्प बंद झाल्याच्या कागदावर सही केली. साडेसातला ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे हजर.

"काका, थँक यू मेल शुक्रवारीच जायला पाहिजे होता ना? आता उशीर झाला का?"

साधारण रीत अशी की आभाराचा मेल चोवीस तासांत जावा. पण रीत कशासाठी आहे हे बघावं. निकालाच्या आधी, समोरच्याला आपला चेहरा आठवत असताना मेल पोचावा, एवढ्यासाठी ती आहे. निकाल बुधवारी होता. शुक्रवारी नुसते आभार मानून शनिवारी पुन्हा "एक सांगायचं राहिलं" म्हणून दुसरा मेल टाकला असता, तर दोन्ही अर्धे झाले असते. तिने थांबून बरंच केलं. मात्र आकडा मंगळवारी येणार असता, तर मी तिला शुक्रवारीच साधा आभाराचा मेल पाठवायला लावला असता आणि आकड्याचा विषय सोडून दिला असता.

तिने लिहून आणलेला मेल मी वाचला. मूळ इंग्रजीत होता, कारण मुलाखतीचं बोलावणंही इंग्रजीतच आलं होतं. बोलणं सगळं मराठीत झालं तरी कागद इंग्रजीत, हे आपल्याकडे नेहमीचंच. ज्या भाषेत बोलावणं आलं त्याच भाषेत उत्तर द्यावं. इथे मराठी करून देतो:

"आदरणीय महोदया, आपल्या नामांकित संस्थेत मुलाखतीची सुवर्णसंधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि संघभावनेने काम करणारी आहे. कळवण्यास आनंद होतो की माझ्या नेतृत्वाखाली बोअर रिजेक्शन ६८ टक्क्यांनी कमी झाले आहे. कृपया सोबतचा रिझ्युमे व पुरावा पाहावा. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत."

सोबत दोन फायली होत्या. एक रिझ्युमे, दुसरा सही झालेल्या त्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो.

आधी फोटोचं बघितलं, कारण बाकी सगळ्या चुका नुसत्या मेल पाडणाऱ्या होत्या, ही माणूस पाडणारी होती. फोटोत जॉबचा पार्ट नंबर होता, ग्राहकाचं नाव होतं, महिन्याला किती नग निघतात तो आकडा होता आणि खाली साहेबांची सही.

"हा कागद कुणाचा?" मी विचारलं.

"आमचाच की. म्हणजे... कंपनीचा."

"मग त्या क्वालिटी हेडला काय दिसेल? पोरगीने काम चांगलं केलंय हे दिसेल. आणि उद्या आपल्याकडची नोकरी सोडताना आपले कागद असेच दुसऱ्याला पाठवेल, हेही दिसेल."

तिने फोटो लगेच काढला. पण त्यातून अडचण उभी राहिली. टक्केवारीला खाली भागाकाराचा आकडा लागतो. शंभरात चार की पाच हजारांत दोनशे, यावर विश्वास ठरतो. तिच्याकडे नेमका हिशेब होता: मार्चमध्ये १,८४० पैकी ७७ नग, आणि मे ते जुलै मिळून ५,५५० पैकी ७४. हे लिहिलं तर एका कारखान्याचं मासिक उत्पादन दुसऱ्या कारखान्याला कळतं. दोन्ही एकाच भागातले, उद्या एकाच ऑर्डरसाठी दर भरतील. आम्ही ठरवलं की मेलमध्ये फक्त टक्के द्यायचे, कालावधी द्यायचा आणि काय केलं ते द्यायचं. नगांचे आकडे मेलमध्येही नाहीत, रिझ्युमेतही नाहीत. समोरासमोर विचारलं तरी "तेवढं मला सांगता येणार नाही, सर" म्हणायचं. (इथे मी तिचे आकडे बदलून घेतले आहेत, प्रमाण तेच ठेवून.)

मग ते ६८ टक्के. हिशेब चुकीचा नव्हता, नगांच्या नेमक्या आकड्यांवरून भागाकार केला तर ६८ टक्क्यांची घट होतेच. पण फॅक्टरीत बसणारा माणूस असा आकडा बघितला की पहिल्यांदा विचारतो, कशाचे ६८? शंभर नगांत तीन नग वाचले, त्याला ६८ म्हणणं म्हणजे भडंगाच्या पुडीत हवा भरण्यासारखं आहे. ४.२ वरून १.३ असं सरळ लिहिलं की तो स्वतः मनात भागाकार करतो आणि आपल्यावर संशय घेत नाही. "माझ्या नेतृत्वाखाली" हेही काढलं. गट चौघांचा होता, प्रमुख तिचे साहेब होते. तिचं स्वतःचं काम म्हणजे गरम आणि गार मापांची तुलना करून कारण शोधणं आणि रॅकची पद्धत लिहून काढणं. तेच लिहायला सांगितलं. "प्रकल्पात सहभाग" यापेक्षा ते कितीतरी वजनदार आहे, आणि खरंही आहे.

यानंतर जे सापडलं ते मला आधी दिसलं नव्हतं. मी सहज विचारलं, ते ७७ नग भंगारात गेले का?

"नाही काका, परत बोअर करून घेतले. लहान राहिलेत ना, थोडं कापलं की मापात येतात."

"मग हे रिजेक्शन कसं?"

ती गप्प झाली. तिच्या शॉपमध्ये पहिल्या तपासणीत थांबलेल्या सगळ्या नगांना सरसकट रिजेक्शन म्हणायची पद्धत होती. पण क्वालिटीच्या भाषेत भंगारात जातं ते रिजेक्शन आणि दुरुस्त होऊन मापात येतं ते रीवर्क. बोअर मोठा झाला तर नग गेला, कारण कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो; वेळ आणि टूल जातं, नग वाचतो. तिचा सगळा प्रकल्प लहान राहिलेल्या बोअरचा होता. म्हणजे रिझ्युमेतली ओळच चुकीची होती, आणि नेमकं तिच्यावरच क्वालिटी हेडनी पेन ठेवलं होतं.

आता पेच असा की नवीन रिझ्युमेत गुपचूप "रीवर्क" करायचं की मेलमध्ये सांगायचं? तिला गुपचूप करावंसं वाटत होतं. मी म्हटलं, जुनी प्रत त्यांच्याकडे छापून ठेवलेली आहे. दोन कागद शेजारी ठेवले तर शब्द बदललेला दिसणार, आणि न सांगता बदललेला दिसणार. एका वाक्यात सांगून टाक. माफी मागायची नाही, लांबवायचं नाही.

रिझ्युमेकडे बोट दाखवण्याचं काम बहुतेक जण "सोबत रिझ्युमे जोडला आहे" एवढ्यावर संपवतात. वाचणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर ही ओळ त्रासदायक आहे. त्याच्याकडे एक रिझ्युमे आहेच. दुसरा आला की त्याला प्रश्न पडतो: यात काय वेगळं आहे, कुठे बघू, आता कोणता खरा धरू? दोन पानं पुन्हा वाचायला कुणाला वेळ नसतो. म्हणून ओळ अशी हवी की त्याने फाईल उघडल्यावर डोळा सरळ जागेवर जावा: पहिलं पान, सध्याची नोकरी, दुसरा मुद्दा, आणि बाकी काही बदललेलं नाही. शेवटचा भाग खरा असला पाहिजे. तिने त्याच फाईलमध्ये छंद काढून "उत्तम संवादकौशल्य" घातलं होतं. ते परत पूर्वीसारखं करायला लावलं. एक कामगिरी सांगायला निघालो आहोत, तर फाईलमध्येही तेवढाच बदल.

मेल कुणाला पाठवायचा, यावर थोडी चर्चा झाली. प्रश्न क्वालिटी हेडनी विचारला होता, पण त्यांचा पत्ता तिच्याकडे नव्हता. मॅडमच्या पत्त्यावरून अंदाज बांधून त्यांचा पत्ता तयार करायची तिची कल्पना होती. ते नको म्हटलं. चुकला तर मेल परत येतो किंवा भलत्याच माणसाकडे जातो, आणि बरोबर निघाला तरी मॅडमना डावलल्यासारखं होतं. ज्या मेलमधून बोलावणं आलं त्यालाच उत्तर द्यायचं, नवीन विषय टाकायचा नाही. त्यामुळे मॅडमना तारीख, जागा आणि उमेदवार एकाच साखळीत दिसतात, आणि तो सरांना पुढे पाठवणं एका बोटाचं काम होतं.

शेवटी गेलेला मेल असा होता:

"नमस्कार मॅडम,

गुरुवारच्या मुलाखतीसाठी आपण तिघांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. बोअरच्या प्रकल्पावर क्वालिटी हेड सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा पूर्ण देता आलं नाही. ते इथे देते.

हा प्रकल्प या शनिवारी पूर्ण झाला म्हणून बंद करण्यात आला. पहिल्या तपासणीत थांबणाऱ्या नगांचं प्रमाण मार्चमध्ये ४.२ टक्के होतं. मे ते जुलै या तीन महिन्यांत ते १.३ टक्के राहिलं. बदल एप्रिलमध्ये केला होता आणि मे महिन्यातच प्रमाण १.४ टक्क्यांवर आलं होतं, त्यामुळे ही घट केवळ पावसाळ्यामुळे झालेली नाही. चौघांच्या गटात गरम आणि गार मापांतला फरक शोधणं आणि नमुने गार करून मोजण्याची पद्धत लिहिणं हे काम माझ्याकडे होतं.

एक दुरुस्ती: आधीच्या रिझ्युमेत मी 'रिजेक्शन' लिहिलं होतं. हे नग पुन्हा बोअर करून वापरले जातात, त्यामुळे अचूक शब्द 'रीवर्क' आहे.

सुधारित रिझ्युमे जोडला आहे. पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखालचा दुसरा मुद्दा तेवढा बदलला आहे. हा मेल सरांपर्यंत पोचवलात तर बरं होईल."

खाली नाव आणि मोबाईल नंबर. "सकारात्मक उत्तराची प्रतीक्षा" नाही, "मेहनती आणि प्रामाणिक" नाही. मॅडमना रोज असे किती मेल येतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मीही ते वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.

मेमधला आकडा बघा. तो तिच्याकडे मुलाखतीच्या दिवशीही होता. आपल्याकडे सगळ्यात जास्त तापतं ते एप्रिल-मे महिन्यात, आणि मेमध्येच प्रमाण उतरलेलं असेल तर पावसाचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. घाबरल्यामुळे तिला तो सुचला नाही. शनिवारच्या नव्या बातमीने तो सांगायला जागा करून दिली. नवीन काहीच घडलं नसतं, तर केवळ "त्या दिवशी सुचलं नाही" म्हणून लिहिलेलं उत्तर पडेल वाटलं असतं. तरीही हा पुरावा पूर्ण नाही, एका उन्हाळ्याचा आहे. म्हणून मी तिच्याकडून "केवळ" हा शब्द मुद्दाम घालून घेतला.

फाईलचं काम दहा मिनिटांचं होतं, पण एक गंमत निघाली. पीडीएफ करून ब्राउझरमध्ये उघडली तर वर टॅबवर तिच्या मावसभावाचं नाव! रिझ्युमेचा साचा त्याचा होता, आणि वर्डच्या फाईलमध्ये आतल्या शीर्षकाच्या जागी त्याचं नाव राहून गेलेलं. पानावर ते कुठेच दिसत नाही. वर्डमध्ये File मधल्या Info मध्ये जाऊन Title बदललं आणि पुन्हा पीडीएफ केली. फाईलचं नाव आधी `resume_final_new2` होतं, त्याजागी तिचं नाव, पद आणि महिना टाकला. मग तीच फाईल तिने स्वतःला पाठवून मोबाईलवर उघडून बघितली. साहेब लोक मेल बहुतेक मोबाईलवरच उघडतात, जेवणाच्या सुट्टीत.

एवढं करून मेल सोमवारी सकाळी साडेनऊला पाठवताना ती फाईल जोडायची विसरलीच. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सुरुवातीला पाच सेकंदांची असते. सेटिंगमध्ये जाऊन ती तीसपर्यंत वाढवता येते. रविवारी मी ती वाढवून दिली होती, म्हणून अठराव्या सेकंदाला तिला आठवलं तेव्हा मेल परत आला. तेव्हापासून मी पोरांना सांगतो, आधी फाईल जोडा, मग मजकूर लिहा, आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाका.

दुपारी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं: मिळालं, सरांना पाठवलं आहे. मंगळवारी क्वालिटी हेडचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, नमुने किती वेळ गार करता? ती म्हणाली, आधी वीस मिनिटं ठेवायचो, ती कमी पडली, आता चाळीस. ते हूं म्हणाले आणि गुरुवारी या म्हणाले, यावेळी सेफ्टी शूज घालून.

गुरुवारी त्यांनी तिला त्यांच्या मापन कक्षात नेलं, २० अंशांवर राखलेली काचेची खोली, हातात बोअर गेज दिलं आणि पाच नग मोजायला सांगितले. टेबलावर तिचे दोन्ही रिझ्युमे शेजारी शेजारी होते. जुन्या प्रतीत "रिजेक्शन" या शब्दाभोवती लाल गोल होता आणि बाजूला प्रश्नचिन्ह. तिने धीर करून विचारलं, सर, हे मेल आल्यावर केलंत का?

"नाही," ते म्हणाले, "मुलाखतीतच. विचारायचं राहून गेलं."

नेमणुकीचं पत्र दहा दिवसांनी आलं, मागितलेल्या पगारापेक्षा दीड हजाराने कमी. त्यात मेलचा वाटा किती आणि त्या पाच मोजलेल्या नगांचा किती, हे मी तिलाही सांगू शकलो नाही.